रिंग ऑसिलेटर सहाव्या इन्व्हर्टरवर का अडतो

रत्नागिरी जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात मी इलेक्ट्रॉनिक्सची प्रात्यक्षिके घेतो. रिंग ऑसिलेटरचे प्रात्यक्षिक आले की दोन तक्रारी दरवर्षी ठरलेल्या असतात. पहिली तक्रार अशी की जोडणी पुस्तकाप्रमाणे केली, पुरवठा दिला, पण ऑसिलोस्कोपवर सरळ रेषेखेरीज काहीच दिसत नाही. दुसरी तक्रार अशी की ऑसिलेटर चालतो, पण त्याची वारंवारता सूत्राने काढलेल्या आकड्याच्या जवळपासही येत नाही. वरवर पाहता या दोन निराळ्या अडचणी वाटतात. प्रत्यक्षात दोहोंचे मूळ एकाच गोष्टीत आहे : एकामागून एक जोडलेल्या इन्व्हर्टरांच्या कड्यातून फिरणारा बदल एका फेरीत किती वेळा उलटतो आणि प्रत्येक उलटण्याला किती वेळ लागतो, याकडे नीट पाहिले गेलेले नसते.

आम्ही वापरतो तो आयसी म्हणजे सीडी ४०६९ यूबी. यात सहा इन्व्हर्टर, म्हणजे ० चा १ आणि १ चा ० करणारे गेट, असतात आणि अडचणीला सुरुवात याच सहाच्या आकड्यापासून होते. आयसीत सहा आहेत म्हणून विद्यार्थी सहाही एकामागून एक जोडतात आणि शेवटच्याचे आउटपुट पहिल्याच्या इनपुटला नेतात. वहीत सूत्र लिहिलेले असते :

```
f = 1 / (2 * N * t)
```

यात N म्हणजे इन्व्हर्टरांची संख्या आणि t म्हणजे एका इन्व्हर्टरचा सरासरी विलंब. आमच्याकडच्या डेटाशीटमध्ये ५ व्होल्टवर हा विलंब ५५ नॅनोसेकंद दिलेला आहे. सहा इन्व्हर्टर धरले तर उत्तर १.५२ मेगाहर्ट्झ येते आणि विद्यार्थी तेवढ्याची वाट पाहत बसतो. सूत्राला सम आणि विषम यांतला भेद कळत नाही. त्यात कोणतीही संख्या घातली तरी ते निमूटपणे उत्तर देते. संख्या विषम असण्याची अट सूत्राच्या बाहेर आहे आणि ती वेगळीच तपासावी लागते.

सम आणि विषम

ही अट मी फळ्यावर न सांगता बहुधा खळ्यातल्या खेळाने सांगतो. पाच मुले गोल करून उभी करावीत आणि प्रत्येकाला एकच नियम द्यावा : उजवीकडचा उभा असेल तर तू बस आणि तो बसलेला असेल तर तू उभा राहा. पाचांमध्ये हा नियम सर्वांना एकाच वेळी पाळता येत नाही. पहिला उभा असेल तर दुसरा बसतो, तिसरा उठतो, चौथा बसतो, पाचवा उठतो. आणि पाचवा उठला की पहिल्याला बसावे लागते. पहिला बसला की पुन्हा सगळा क्रम उलटा सुरू होतो. खेळ थांबायला जागाच नाही. आता गोलात सहावा मुलगा घ्यावा. उभा, बसलेला, उभा, बसलेला असे सहा जण लागले की प्रत्येकाचा नियम पाळला जातो आणि सगळे जिथल्या तिथे राहतात. कुणी चुकलेले नसते, तरी खेळ संपलेला असतो.

कड्याचेही तंतोतंत तसेच आहे. पाच इन्व्हर्टरांच्या कड्यात पहिल्याच्या इनपुटला ० असेल तर पाच उलट्यांनंतर तिथेच १ परत येतो, म्हणजे कडे स्वतःचेच म्हणणे खोडते आणि बदल फिरत राहतो. एका फेरीनंतर ती जागा उलटलेली असते. मूळ स्थितीवर येण्यासाठी आणखी एक फेरी लागते. सूत्रातला २ येतो तो या दोन फेऱ्यांमुळे. पुष्कळ विद्यार्थी त्याला नुसता घोकलेला गुणक समजतात आणि परीक्षेत विसरतात. दोन फेऱ्यांत प्रत्येक इन्व्हर्टरचे आउटपुट एकदा चढते आणि एकदा उतरते, त्यामुळे चढण्याचा आणि उतरण्याचा विलंब वेगवेगळा असला तरी आवर्तकालात दोन्ही एकेकदा मोजले जातात. सूत्रात सरासरी विलंब पुरतो तो याच कारणाने.

सहा इन्व्हर्टरांच्या कड्यात सहा उलट्यांनंतर ० चा ०च परत येतो. कड्याला काही बदलण्याचे कारण उरत नाही आणि ते दोन स्थिर स्थितींपैकी एकीत जाऊन बसते. म्हणजे विद्यार्थ्याने नकळत ऑसिलेटरऐवजी एक बिट लक्षात ठेवणारी स्मृती तयार केलेली असते. हे पडताळून पाहणे सोपे आहे आणि मी ते मुद्दाम करायला लावतो. मल्टिमीटरवर ज्या आउटपुटला ५ व्होल्ट दिसतात, तिथून जमिनीला १०० ओहमचा रोधक क्षणभर टेकवावा आणि काढून घ्यावा. सगळ्या पिनांची स्थिती उलटते आणि रोधक काढल्यावरही उलटलेलीच राहते. एकदा हे डोळ्यांनी पाहिले की ‘आयसी खराब आहे’ ही तक्रार पुन्हा येत नाही.

सम कडे क्षणभरसुद्धा फिरू शकत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. पुरवठा देताक्षणी दोन बदल एकाच वेळी कड्यात शिरले, तर ते एकामागून एक काही फेऱ्या मारू शकतात. परंतु दोघांचा वेग काटेकोर सारखा नसतो. एक दुसऱ्याला गाठतो आणि दोन्ही एकमेकांत विरून जातात.

विषम असूनही चालत नाही असे एक उदाहरण म्हणजे १. ४०६९ च्या एकाच इन्व्हर्टरचे आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडले तर तो साधारण २.५ व्होल्टवर स्थिरावतो. फिरत राहण्यासाठी उलटण्याशिवाय पुरेसा उशीरही हवा असतो आणि एका टप्प्यात तो साठत नाही. तीन टप्प्यांत मात्र प्रत्येकाच्या वाट्याला ६० अंशांचाच उशीर येतो आणि तो सहज मिळतो. म्हणून व्यवहारात किमान संख्या ३ धरावी.

आणखी एक बारकावा. विषम असायला हवी ती उलट्यांची संख्या. आयसीतल्या डब्यांची नव्हे. कडे सुरू-बंद करण्यासाठी एखादा नँड गेट घातला तर तीही एक उलटी असते, त्यामुळे चार इन्व्हर्टर आणि एक नँड मिळून पाच होतात. पाच इन्व्हर्टरांच्या कड्यात नँड ‘जास्तीचा’ म्हणून घालून ते सहाचे करून बसलेले गट मी बरेच पाहिले आहेत.

विषम असूनही सरळ रेषा

आता असा गट घेऊ, ज्याने पाचच इन्व्हर्टर जोडले आहेत आणि तरी काही दिसत नाही. इथे सम-विषमाचा नियम शोधकार्याला थेट उपयोगी पडतो. कडे पाचाचे असेल, पुरते जोडलेले असेल आणि सगळे इन्व्हर्टर शाबूत असतील, तर सर्व पिनांवर स्वच्छ ० किंवा ५ व्होल्ट स्थिर दिसणे अशक्य आहे. चालू कड्यात मल्टिमीटर सरासरी दाखवतो, म्हणजे प्रत्येक पिनवर अडीच व्होल्टच्या आसपासचा आकडा येतो. त्याऐवजी स्थिर ० आणि ५ दिसत असतील, तर कड्यात कुठेतरी विसंगती असलीच पाहिजे : एकतर एखाद्या इन्व्हर्टरचे इनपुट आणि आउटपुट सारखेच असेल, नाहीतर एखाद्या तारेच्या दोन टोकांवर वेगवेगळा व्होल्टेज असेल. पहिल्या पिनपासून निघून एकेक पाऊल तपासत गेले की दोष आपोआप सापडतो. सगळी जोडणी उपटून पुन्हा करण्याची गरज पडत नाही.

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक उजव्या बाजूच्या पिनांची आहे. आयसीच्या डाव्या बाजूला इनपुट १, ३, ५ आणि आउटपुट २, ४, ६ असा सरळ क्रम आहे. विद्यार्थी तोच क्रम पुढे धरून ८ ला इनपुट समजतो, पण उजव्या बाजूला ९ चे आउटपुट ८ वर, ११ चे १० वर आणि १३ चे १२ वर येते. गेल्या पावसाळ्यात एका गटाने ६ ला ८, ९ ला १० आणि ११ ला १ असे जोडले होते. यात काय घडते ते पाहण्यासारखे आहे. १ आणि ११ ही दोन्ही इनपुट एकमेकांना जोडली जातात आणि त्यांना चालवणारे कुणीच उरत नाही. तिथून निघालेला संकेत डावीकडून तीन उलट्या घेऊन ६ वर येतो आणि उजवीकडून दोन उलट्या घेऊन ८ वर येतो. ६ आणि ८ तर तारेने जोडलेले आहेत, म्हणजे इनपुट काहीही असो, दोन आउटपुट कायम विरुद्ध दिशांना ओढत राहतात. त्या गटाला ६ वर अडीच व्होल्टच्या जवळ आकडा दिसला आणि त्यांनी ‘कडे चालू आहे’ असे लिहून टाकले. पण २ आणि ४ वर स्वच्छ ० किंवा ५ होते. चालू कड्यात एकच पिन मध्यावर आणि शेजारच्या पिना टोकांवर, असे होत नाही. तसे दिसले की दोन आउटपुट भांडत आहेत असे समजावे आणि पुरवठा आधी काढावा.

दुसरी चूक म्हणजे तुटलेली जोडणी आणि तिला आपल्या हवेचा हातभार असतो. जून ते सप्टेंबर खिडक्या उघड्या ठेवाव्यात तर खारा दमट वारा येतो आणि बंद ठेवाव्यात तर भिंतींना बुरशी धरते. या दोहोंत ब्रेडबोर्डच्या आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात. जंपर आत गेलेला दिसतो पण टेकलेला नसतो. कडे तुटले की पुढच्या इन्व्हर्टरचे इनपुट अधांतरी राहते आणि सीमॉसचे अधांतरी इनपुट जवळच्या ट्यूबलाइटचा ५० हर्ट्झचा गुणगुणाटसुद्धा उचलते. स्कोपवर २० मिलिसेकंदांचा आवर्तकाल दिसला की विद्यार्थी हर्षाने ‘चालला’ म्हणतो. ते कडे नव्हे, विजेच्या वायरिंगचे दर्शन असते. अधांतरी इनपुटची आणखी एक खूण अशी की त्यावर मल्टिमीटरची पिन टेकवताच मीटरच्या १० मेगाओहमच्या रोधामुळे ते शून्याकडे ओढले जाते आणि पुढच्या पिनांची स्थिती बदलते. मोजल्याने जे बदलते, ते सुटलेले आहे.

गंजाबद्दल मात्र एक गैरसमज काढून टाकायला हवा. वारंवारता कमी आली की दोष गंजाच्या रोधावर ढकलण्याची सवय आमच्याकडे आहे. ५ व्होल्टवर या इन्व्हर्टरचा स्वतःचा आउटपुट रोध शेकड्यांनी ओहमांत असतो. त्यात जोडणीच्या दहा-वीस ओहमांची भर पडली तर वारंवारतेत फारसा फरक दिसत नाही. गंज कडे तोडतो, ते हळू करत नाही. वारंवारता कमी का येते, याचे कारण दुसरीकडे आहे.

आकडा का जुळत नाही

पाच इन्व्हर्टर आणि ५५ नॅनोसेकंद घेतले तर आवर्तकाल ५५० नॅनोसेकंद आणि वारंवारता १.८२ मेगाहर्ट्झ येते. आमच्या एका गटाने प्रोब थेट कड्यावर, १ पट स्थितीत लावून २.८ मेगाहर्ट्झ मोजले. शेजारच्या गटाने तोच आयसी, तीच जोडणी, पण प्रोब १० पट स्थितीत लावून ३.९ मोजले. कुणाचे बरोबर, यावर वाद झाला. खरे तर तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण प्रत्येक आकडा वेगळ्या भाराचा आहे.

डेटाशीटमधला विलंब आउटपुटवर ५० पिकोफॅरडचा भार ठेवून मोजलेला असतो. कड्यात तेवढा भार नसतो. पुढच्या इन्व्हर्टरचे इनपुट सुमारे १० पिकोफॅरडचे आणि ब्रेडबोर्ड व तारांचे पाच-सात, असे मिळून सतराच्या आसपास होतात. भार कमी म्हणून विलंब कमी आणि वारंवारता जास्त. उलट १ पट स्थितीतला प्रोब, त्याची केबल आणि स्कोप मिळून १०० पिकोफॅरडच्या आसपास भार टाकतात. या आयसीला ५ व्होल्टवर दर पिकोफॅरडमागे सुमारे अर्धा नॅनोसेकंद, नेमके धरायचे तर ०.५५ नॅनोसेकंद, जास्त लागतो असे मी धरतो. म्हणजे प्रोब लागलेल्या एका टप्प्याचा विलंब ५५ नॅनोसेकंदांनी वाढतो आणि आवर्तकालात तो दोनदा येत असल्यामुळे ११० नॅनोसेकंदांची भर पडते. प्रोब नसतानाचा आवर्तकाल पुढे येणाऱ्या हिशेबाने २४५ निघतो, तो ३५५ नॅनोसेकंदांवर जातो, म्हणजेच वारंवारता ४.१ वरून २.८ वर उतरते. १० पट स्थितीतल्या प्रोबचा भार बारा पिकोफॅरडच्या घरात असतो, म्हणून त्याची भर १३ नॅनोसेकंदांचीच होते आणि ३.९ मिळतात.

यावर उपाय आयसीतच आहे. पाच इन्व्हर्टरांचे कडे झाल्यावर जो सहावा उरतो आणि ज्याला कड्यात घातल्याने सगळा घोटाळा होतो, तोच बाहेर काढण्यासाठी वापरावा. कडे २ ते ३, ४ ते ५, ६ ते ९, ८ ते ११ आणि १० ते १ असे पूर्ण करावे. १० वरूनच १३ ला तार न्यावी आणि प्रोब १२ वर लावावा. आता प्रोबचा भार सहाव्यावर पडतो. कड्यावर भर पडते ती फक्त १३ च्या इनपुटची आणि प्रोब १ पट असो की १० पट, ती तेवढीच राहते. १ पट स्थितीत लाटेचा आकार बिघडतो, पण वारंवारता हलत नाही. आयसीच्या १४ आणि ७ या पिनांच्या अगदी जवळ १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर असावा, नाहीतर स्कोपवरची लाट थरथरते.

उरलेली ही स्थिर भरसुद्धा हिशेबातून काढून टाकता येते आणि माझ्या मते या प्रात्यक्षिकातला हाच खरा मजकूर आहे. एकाच संख्येवर वारंवारता मोजून सूत्र उलटे वापरण्याऐवजी दोन विषम संख्यांवर मोजावे. आमच्या आयसीवर ५ व्होल्टला पाच टप्प्यांचा आवर्तकाल २५८ नॅनोसेकंद आला. मग ६ वरून तार १ कडे वळवून तीन टप्प्यांचे कडे केले, ६ वरूनच ९ ला तार नेऊन प्रोब ८ वर लावला आणि मोकळी झालेली ११ व १३ ही इनपुट जमिनीला बांधली. आवर्तकाल १६० नॅनोसेकंद आला. दोन मोजणींत बाहेरच्या इन्व्हर्टरची भर सारखीच आहे, म्हणून वजाबाकीत ती उडून जाते. उरतात दोन टप्प्यांचे, प्रत्येकी दोनदा मोजलेले विलंब :

```
t  = (T5 - T3) / 4 = (258 - 160) / 4 = 24.5 ns
T0 = T3 - 6 * t    = 160 - 147       = 13 ns
```

म्हणजे एका टप्प्याचा विलंब २४.५ नॅनोसेकंद आणि बाहेरच्या जोडणीची भर १३ नॅनोसेकंद. नुसत्या सूत्राप्रमाणे तीन आणि पाच टप्प्यांच्या वारंवारतांचे गुणोत्तर १.६७ यायला हवे होते. आले ते १.६१ आणि हा फरक याच १३ मुळे आहे. टप्पे जितके कमी तितकी ही भर जास्त बोचते. चिप बनवणारे आपल्या वेफरवर गेटचा विलंब मोजायला रिंग ऑसिलेटरच ठेवतात आणि त्यात टप्पे भरपूर, पण विषम ठेवतात, जेणेकरून एखाद्या वेगळ्या टप्प्याचा वाटा नगण्य व्हावा आणि वारंवारताही मोजण्याजोगी खाली यावी.

२४.५ हा आकडा डेटाशीटच्या ५५ शी जुळवण्याचा अट्टहास मात्र करू नये. भार वेगळा आहेच. शिवाय डेटाशीटची मोजणी झपकन चढणारी लाट इनपुटला देऊन केलेली असते, तर कड्यात प्रत्येक इन्व्हर्टरला आधीच्याची संथ लाट मिळते. कड्यातून मिळणारा विलंब हा कड्यातल्या इन्व्हर्टरचा विलंब असतो.

शेवटी ‘काल वेगळी, आज वेगळी’ या तक्रारीबद्दल. वादळी दिवसांत वीज गेली की विद्यार्थी ९ व्होल्टच्या बॅटरीवर प्रयोग पुढे नेतात आणि नोंदवहीत पुरवठा लिहीत नाहीत. सीमॉसचा विलंब पुरवठ्याबरोबर झपाट्याने बदलतो. डेटाशीटमध्ये ५ व्होल्टला ५५ असलेला विलंब १० व्होल्टला ३० वर येतो, म्हणजे वारंवारता जवळजवळ दुप्पट. नवी बॅटरी ९ च्या वर असते आणि जुनी भाराखाली ७ पर्यंत उतरते, त्यामुळे तासाभरात त्याच कड्याची वारंवारता डोळ्यांदेखत खाली येते. अशा वेळी कड्याला हात न लावता आधी १४ आणि ७ यांमधला व्होल्टेज मोजावा आणि तो वारंवारतेच्या शेजारी लिहावा. बॅटरीवर काम करणे भागच असेल, तर मध्ये ५ व्होल्ट स्थिर ठेवणारा ७८०५ घालावा. पण तो नीट चालण्यासाठी बॅटरी सुमारे ७ व्होल्टच्या वर हवी.